आययूआय: एका सायकलचा खरा हिशेब

आज दिवसभर एकच प्रश्न मनात राहिला: "आययूआय केलं की राहील ना?" आययूआय म्हणजे लॅबमध्ये निवडलेले चपळ शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं. या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर जोडप्यांना पहिल्याच भेटीत मिळायला हवं, म्हणून नीट लिहून ठेवते.

वय 31, पीसीओएसमुळे अनियमित पाळी, एचएसजी या एक्स-रे तपासणीत दोन्ही ट्यूब म्हणजे गर्भनलिका मोकळ्या, नवऱ्याचा रिपोर्ट बरा, असं जोडपं धरू. आययूआयसाठी हे चांगलं जोडपं. किमान एक ट्यूब उघडी हवीच, कारण स्त्रीबीज आणि शुक्राणूची गाठ तिथेच पडते. दोन्ही बंद असतील तर आययूआयचा उपयोग नाही.

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस स्त्रीबीज वाढवणारी लेट्रोझोलची गोळी. नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी. फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीजाची पिशवी, 18 ते 20 मिमी आणि गर्भाशयाचं अस्तर साधारण 7 मिमीच्या वर गेलं की स्त्रीबीज बाहेर पडावं म्हणून एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन, आणि त्यानंतर सुमारे 36 तासांनी आययूआय. मोठी फॉलिकल तीन किंवा जास्त दिसली तर ती सायकल सोडून द्यावी. जुळं-तिळं राहण्याचा धोका घेण्यासारखा नसतो. जोडपी हिरमुसतात, पण हा निर्णय बरोबरच असतो.

खरी कसोटी लॅबमध्ये लागते. समजा नमुना 2.5 मिली, दर मिलीला 2 कोटी शुक्राणू, त्यातले 40 टक्के हलणारे. म्हणजे एकूण 2 कोटी हलणारे. वॉशिंगमध्ये वीर्यद्रव, मृत पेशी आणि मंद शुक्राणू मागे राहतात, आणि अर्ध्या मिलीत, समजा, 60 लाख चपळ शुक्राणू हाती येतात. 50 लाखांच्या वर आकडा असला की समाधान वाटतं. तो 10 लाखांच्या खाली वारंवार येत असेल, तर आययूआय करत राहण्यापेक्षा इक्सीचा, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचा, विचार करावा. म्हणून वॉशिंगनंतरचा आकडा दरवेळी विचारून लिहून घ्यावा. अनेक जण फक्त पहिला रिपोर्ट जपून ठेवतात.

पुढचं काम काही मिनिटांचं: मऊ कॅथेटरने नमुना गर्भाशयात सोडतात. टेस्ट 14 दिवसांनी. आधी केली तर इंजेक्शनमधलं एचसीजीच दोन रेघा दाखवू शकतं, आणि ती खोटी आशा फार लागते.

आता शक्यता. पस्तिशीच्या आत एका सायकलला ढोबळमानाने 10 ते 15 टक्के. 12 टक्के धरले तर 100 जणींपैकी पहिल्या वेळी 12 जणींना राहतं, 88 जणींना नाही. तीन सायकल मिळून साधारण 32 जणींना. त्यामुळे पहिली सायकल फसली म्हणजे कुणाचं काही चुकलं असं नाही, आणि "झोपून राहिली नाहीस" हा सासरचा ठपका तर निराधारच. चाळिशीनंतर मात्र हीच शक्यता बहुधा 5 टक्क्यांच्या खाली जाते. तिशीतल्या जोडप्याने तीन-चार सायकलनंतर आयव्हीएफबद्दल बोलावं. चाळिशीजवळच्या बाईने ते बोलणं पहिल्या सायकलच्या आधीच करावं.