आडनाव जुळलं, खातं नाही

"मॅडम, पैसे तुमच्या बँकेतून गेलेत, मग तुम्हीच परत ओढा ना." काउंटरवर असं म्हणणारे बरेच येतात. हे गृहस्थ मात्र बोलता बोलता हातातल्या कागदावर पेनाने त्याच दोन आकड्यांभोवती गोल काढत होते. कागद पार फाटायला आला होता.

घराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी कंत्राटदाराला 62,000 रुपये एनईएफटीने पाठवले होते. महिन्याच्या 3 तारखेला, रात्री. खाते क्रमांकात 37 च्या जागी 73 टाइप झालं. 5 तारखेला सकाळी कंत्राटदाराने पैशांची आठवण केली, तेव्हा घोळ लक्षात आला आणि ते थेट शाखेत आले.

मी आधी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, घेऊन त्याची स्थिती पाहिली. पुढचं सगळं त्यावरच ठरतं. असा खाते क्रमांकच अस्तित्वात नसता तर काळजी नव्हती. जमा न होऊ शकलेली एनईएफटी रक्कम समोरच्या बँकेला बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत परत पाठवावी लागते. म्हणजे आकडे आणखी चुकले असते तर कदाचित बरं झालं असतं! पण इथे जमा झाल्याचा निरोप आलेला होता. 73 वालं खातंही खरंच होतं, त्याच बँकेत, कुणा तिसऱ्याच माणसाचं.

"पण नाव वेगळं असताना जमा झालेच कसे?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या 2010 च्या परिपत्रकानुसार इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा करता येते. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. पाठवण्याआधी नाव दाखवण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएसला 2025 मध्ये आली. त्यांनाही स्क्रीनवर नाव दिसलं होतं. गंमत अशी की आडनाव कंत्राटदाराचंच होतं. भावाचं खातं दिलं असेल असं वाटून त्यांनी पुढे बटण दाबलं.

नाव माहीत असल्यामुळे त्यांनी आणखी एक उद्योग करून ठेवला होता. सोशल मीडियावर त्या नावाचा माणूस शोधून त्याला फोन केला होता. तो भलताच निघाला आणि त्याने चार शब्द सुनावले. आता त्यांना आमच्याकडून खऱ्या खातेदाराचा नंबर हवा होता. तो आमच्याकडे नसतोच, आणि ज्या बँकेकडे असतो तिला तो देता येत नाही. खातेदाराची माहिती गोपनीय. ती न्यायालयाच्या आदेशावर किंवा पोलिसांच्या रीतसर मागणीवर मिळते, काउंटरवर नाही.

कुणीतरी त्यांना सल्ला दिला होता की 1930 वर फोन करून फसवणूक झाली म्हणून सांगा, खातं लगेच गोठतं. मी स्पष्ट सांगितलं, ते करू नका. ती हेल्पलाइन सायबर फसवणुकीसाठी आहे. इथे कुणी फसवलेलं नव्हतं. खोटी तक्रार केली तर निरपराध माणसाचं खातं अडकेल, आणि ज्याच्या संमतीवर आपले पैसे अवलंबून आहेत त्यालाच आपण चिडवून ठेवू.

कारण सगळं संमतीवरच येऊन थांबतं. एकदा जमा झालेली रक्कम दुसऱ्या बँकेतून आम्ही खेचून आणू शकत नाही, आणि तिकडची बँकही एरवी खातेदाराला न विचारता त्याच्या खात्यातून ती काढून देत नाही. आम्ही करतो ती विनंती. त्यांच्याकडून लेखी अर्ज घेतला. त्यात यूटीआर, तारीख, रक्कम, चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही क्रमांक होते. सोबत खातेउतारा आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र, म्हणजे उद्या वाद निघाला तर भार अर्जदारावर. हे सगळं समोरच्या शाखेला ईमेलने पाठवलं आणि लगेच तिथल्या मॅनेजरना फोन लावला. नुसता ईमेल गर्दीत पडून राहतो, हा अनुभव.

मॅनेजर भले निघाले. त्यांनी खातं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "थोडा उशीर झाला हो." त्याच सकाळी खातेदाराच्या कर्जाचा 14,500 चा हप्ता आपोआप कापला गेला होता. खात्यात त्याचे स्वतःचे जेमतेम 1,200 होते. एरवी हप्ता बाउन्स झाला असता, तो आमच्या ग्राहकाच्या पैशांतून गेला. तो हप्ता परत मागण्याचा मार्ग नव्हता. कर्ज देणाऱ्या संस्थेने आपलं येणं घेतलं होतं, पैसे कुठून आले याच्याशी तिचा संबंध नाही. उरलेल्या रकमेवर मॅनेजरनी खातेदाराशी बोलणं होईपर्यंत होल्ड लावला. असा होल्ड लावायचा की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या नियमांप्रमाणे ठरवते. तो लागेलच असं मी कुठल्याही ग्राहकाला सांगत नाही.

खरी अडचण पुढे आली. बँकेचा फोन गेला की खातेदार तो कट करायचा. त्याचं तरी काय चुकलं? "तुमच्या खात्यात चुकून पैसे आलेत, परत पाठवा" हे वाक्य भामट्यांचं ठरलेलं आहे. सावध माणूस फोन ठेवणारच. म्हणून मी मॅनेजरना सुचवलं की पैसे पाठवा असं म्हणूच नका, पासबुक घेऊन शाखेत या एवढंच कळवा. त्यांनी शाखेच्या लेटरहेडवर पत्र धाडलं. अशा वेळी खातेदारासाठीही हाच सुरक्षित रस्ता असतो. फोनवरच्या अनोळखी माणसाला स्वतःहून पैसे पाठवायचे नाहीत, आपल्याच शाखेत जाऊन लेखी संमती द्यायची आणि बँकेकरवीच रक्कम परत करायची.

तो आला. हप्ता गेला हे त्यालाही ठाऊक होतं, जमा कुणाची ते ठाऊक नव्हतं. 47,500 लगेच परत करायला त्याने सही दिली. 14,500 साठी पगारापर्यंत मुदत मागितली, तीही लेखी.

इकडे आमचे गृहस्थ चिडले. "अर्धवट कसले घेता? मी लोकपालाकडे जातो." मी त्यांना बसवून समजावलं. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल बँकेच्या सेवेतली त्रुटी बघतो. तक्रारीवर बँक 30 दिवस गप्प बसली तर जरूर जा, पण दिलेल्या क्रमांकावर पैसे जमा केले ही त्रुटी ठरत नाही. त्या माणसाने साफ नकार दिला असता तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हाच मार्ग होता. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 72 सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. जाणूनबुजून लाटले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 आहे. पण 14,500 साठी कोर्टाची पायरी चढायची, तर वकिलाची फी आणि लागणारा वेळ आधी मोजा.

त्यांनी मोजलं आणि मुदत मान्य केली.

47,500 रुपये समोरच्या शाखेने मूळ यूटीआरचा संदर्भ देऊन पाठवले. हा संदर्भ मी मुद्दाम मागून घेतला होता, नाहीतर आलेली रक्कम कशाची हे जुळवताना पुन्हा गोंधळ होतो. राहिलेले पैसे पगारानंतर आले, तेही त्याच शाखेमार्फत. त्या दिवशी मी अर्ज बंद केला आणि हमीपत्र फाइलला लावलं. कंत्राटदाराला द्यायचे पैसे मात्र त्यांनी या वेळी चेकने दिले.