तापात गोळी बंद करायची नसते

काल हरिश्चंद्रगडावर ग्रुपमधल्या एकाला ताप आणि उलट्या. संधिवातासाठी तीन वर्षं रोज प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची ५ मिग्रॅची गोळी. "पोटात काही ठरत नाही, आज गोळी राहू दे," म्हणाला. नेमकं उलटं! कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी इतके दिवस या गोळीमुळे सुस्तावलेली असू शकते आणि आजारात तर कॉर्टिसॉलची गरज वाढते. उठला की डोळ्यांपुढे अंधारी. आम्हाला वाटलं, पाणी कमी पडलं असेल.

पाचनईला उतरवून दवाखान्यात नेलं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड १०० मिग्रॅ टोचलं, सलाईन लावलं. मग डॉक्टरांनी त्याच्यापुरता हिशेब लिहून दिला: ताप असेपर्यंत प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. गोळी अर्ध्या तासात उलटली तर पुन्हा घ्यायची. तीही उलटली तर इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. चिठ्ठी आता सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे.