लांडगे परत का येतात: ‘दशी’च्या जग-वहीत या वेळी काय ठरलं

‘दशी’ या माझ्या व्हिडिओ गेमची जग-वही, म्हणजे त्यातल्या जगाचे नियम आणि पात्रं लिहून ठेवलेली वही, आता एका नियमावर उभी राहिली आहे. नकाशा, पात्रं, गावांची नावं हे सगळं आधीही होतं, पण गेममध्ये जे घडतं त्याला जगाकडे उत्तर नव्हतं. नायिका मेली की शेवटच्या मुक्कामी उठते, मुक्काम केला की मारलेले लांडगे परत येतात, उघडलेलं दार मात्र उघडंच राहतं. खेळताना हे सगळं सवयीचं वाटतं. पण गोष्टीत एखाद्याची आई मेली आणि नायिका तिच्या चितेपाशी रडली, की खेळणारा विचारणारच. माझ्या मावसभावाने विचारलंच: “ताई, ही दहा वेळा मरून उठली. मग त्या बाईला का नाही उठवत?”

त्या प्रश्नावर काम करताना जगाचा नियम मला विणकराच्या मागावर सापडला. सोलापुरात आमच्या पूर्व भागात, अशोक चौकापलीकडे, अजूनही बऱ्याच गल्ल्यांतून खडखडाट ऐकू येतो. चादरीच्या कारखान्यात आयुष्य घातलेले एक काका शेजारी राहतात. त्यांच्याकडे बसून मी जॅकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, नीट समजून घेतलं. नक्षी पुठ्ठ्यांवर भोकांनी लिहिलेली असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिला जोडलेल्या हुकाचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे हुक ढकलला जातो, धागा खालीच राहतो. मग धोटा मधून जातो आणि आडवा धागा टाकतो. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. पुठ्ठे एकमेकांना बांधून त्यांची माळ केलेली असते आणि माळेची दोन टोकं जोडलेली असतात. 400 पुठ्ठ्यांची माळ असेल तर 400 आडव्या धाग्यांनंतर तोच मोर पुन्हा पहिल्यापासून येतो. आता संगणकावर चालणारे जॅकार्डही आलेत, पण माझ्या जगाला पुठ्ठ्यांची माळच हवी होती.

दुसरी गोष्ट धागा तुटण्याची. उभा धागा तुटला की विणकर माग थांबवतो, त्याच सुताचा तुकडा घेऊन गाठ मारतो, तो हुकाखालच्या डोळ्यातून आणि फणीतून ओवतो आणि माग सुरू करतो. मी काकांना विचारलं, “तुटायच्या आधी जे विणलंय त्याचं काय होतं?” ते म्हणाले, “त्याचं काय होणार? ते विणलं गेलं. रुळावर गुंडाळलंसुद्धा.”

जग-वहीचं पहिलं पान तिथेच ठरलं. त्यावर एकच परिच्छेद आहे. जग एका मागावर विणलं जातंय. निसर्ग पुठ्ठ्यांतून येतो, म्हणून तो फिरून फिरून येतो. माणसाने हाताने केलेलं पुठ्ठ्यांत नसतं, म्हणून ते एकदाच होतं. विणलं गेलेलं उसवत नाही. तुटलेला धागा जोडता येतो, पण गाठ मारायला मोकळं टोक लागतं.

हा परिच्छेद घेऊन मी प्रत्येक गेम-मेकॅनिकला, म्हणजे मरणं, मुक्काम, प्रवास अशा खेळण्याच्या प्रत्येक रीतीला, चार प्रश्न विचारले: कोडमध्ये काय घडतं, नियम त्याला काय कारण देतो, जगातल्या कुणाला ते दिसतं, आणि हे कारण खरं मानलं तर आणखी काय व्हायला हवं? चौथा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो. कारण शोधणं सोपं असतं. ते कारण पुढे कुठे कुठे जातं हे पाहिलं नाही, तर दुसऱ्याच प्रसंगात गोष्ट फाटते.

मरण्यापासून सुरुवात केली. नायिका मेली की तिचा धागा तुटतो आणि मुक्कामावरच्या मागाशी बसलेली सांधेकरीण तो जोडते. मग इतरांचा का नाही जोडत? सगळी माणसं कापडात दोन्ही टोकांनी विणलेली आहेत. तुटलं तर गाठीपुरतंही सूत मोकळं नसतं. नायिका मात्र दशी आहे, म्हणजे कापडाच्या काठाशी न विणता लोंबत राहिलेला धागा. तिला घर नाही, गोत नाही, गावच्या पंगतीत तिला पान मांडत नाहीत, आणि त्याच कारणाने ती तुटून जोडली जाते. मावसभावाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि नायिकेचं अख्खं पात्रही त्याच वाक्यातून आलं. तिला हवंय एखाद्या घरात विणलं जाणं. ते मिळालं तर मोकळं टोक जाईल, मग पुढचं मरण शेवटचं. पात्राच्या पानावर मी हेच पहिल्या ओळीत लिहिलंय. तिच्या डोळ्यांचा रंग कुठेतरी खाली आहे.

एक मोह इथे आवरला. प्रत्येक मरणाला तिचा धागा थोडा थोडा संपतो, असं लिहिलं तर ऐकायला भारी वाटतं. पण गेममध्ये कितीही वेळा मरता येतं. जग-वहीने मोजमाप सांगितलं आणि गेमने ते पाळलं नाही, तर खेळणाऱ्याचा बाकीच्या नियमांवरचाही विश्वास उडतो. मरणांची मर्यादा घालायची तर गेमची सगळी काठिण्यपातळी बदलावी लागेल, आणि मला तसा गेम करायचा नाही. म्हणून धागा संपत नाही. गाठी तेवढ्या राहतात. तिच्या मनगटावर त्या दिसतात आणि सांधेकरीण त्या पाहून बोलते. कोडमध्ये मरणांची संख्या आधीपासून साठवलेली होती, तिलाच आता जगात चेहरा मिळाला.

मेल्यावर काय जातं आणि काय राहतं, हेही नियमानेच ठरवलं. गोळा केलेलं सूत हे गेममधलं चलन आहे. मागावर जाऊन ते विणून घेतलं तर कायमचं बळ मिळतं. न विणलेलं सूत मेल्यावर सांडतं, विणलेलं जात नाही. उघडलेलं दारही विणलं गेलेलं आहे. काकांचं ते वाक्य इथे जवळजवळ जसंच्या तसं सांधेकरणीच्या तोंडी आहे, त्यांना विचारून.

सगळ्यात जास्त वेळ लांडग्यांवर गेला. मुक्काम म्हणजे माग एक फेरा फिरवणं. माळ पुन्हा पहिल्या पुठ्ठ्यावर येते आणि पुठ्ठ्यांत असलेले लांडगे परत विणले जातात. इथवर ठीक. आता चौथा प्रश्न: हे खरं असेल तर आणखी काय व्हायला हवं? झाडपाला निसर्गाचा, म्हणजे औषधी मुळ्याही परत उगवायला हव्यात. माझ्या गेममध्ये त्या एकदा तोडल्या की संपत होत्या. तो बदल सोपा होता आणि खेळायलाही बरा ठरला. पेट्या माणसांनी ठेवलेल्या, म्हणून त्या रिकाम्याच राहतात. तेही जुळलं.

वाटमारे मात्र अडले. घाटाखालच्या रस्त्यावर सहा वाटमारे होते आणि तेही दर मुक्कामाला परत येत होते. ते माणसं आहेत, पुठ्ठ्यांत नाहीत. त्यांना परत आणायचं तर माणसंही फिरून येतात असं मानावं लागतं, आणि मग त्या मेलेल्या आईचा प्रसंग पुन्हा कोसळतो. म्हणून वाटमारे आता मेले की मेले. पण खेळणारे तिथून दर फेऱ्याला सूत कमवत होते, आणि ते गेल्यावर पुढचा टप्पा अवघड झाला. उपाय जगातूनच काढला: वाटमारे होते तोवर त्या रस्त्यावर तरस फिरकत नव्हते, माणसं संपल्यावर ते उतरतात. सहा वाटमाऱ्यांकडून मिळणारं सूत मी तीन तरसांत वाटलं. कमाई तेवढीच आली, लढाई वेगळी झाली. आणि गावकऱ्यांना बोलायला विषय मिळाला, कारण आता रात्री त्या वाटेने शेळ्या नेता येत नाहीत.

कोडमध्ये याचा फायदा मोठा झाला. आधी प्रत्येक शत्रूवर, प्रत्येक वस्तूवर ‘परत येतो का’ अशी वेगळी खूण होती आणि ती कुठेतरी हमखास विसरली जायची. आता गोडो इंजिनमध्ये दोनच गट आहेत, `card` आणि `hand`. मुक्काम केला की एवढंच चालतं:

```
get_tree().call_group("card", "reset_state")
```

नवीन काही बनवलं की मला फक्त विचारायचं असतं, हे पुठ्ठ्यातून आलं की हाताने केलं? उत्तर येत नसेल तर ती गोष्ट जगात कुठे बसते हेच ठरलेलं नाही, आणि तेव्हा मी कोड बंद करून वही उघडते.

आता खलनायक. केरबाचं जुनं पान म्हणजे सत्तेची हाव असलेला मांत्रिक, दुसरं काही नाही. लांडग्यांचा नियम लिहून झाल्यावर मी तिसऱ्या प्रश्नापाशी थांबले: हे जगातल्या कुणाला दिसतं? लांडगे परत येतात ते गावांना दिसतं. लांबतळे हे गाव रानाच्या कडेला आहे आणि दर फेऱ्याला लांडगे तिथेच आधी पोचतात. तिथली माणसं परत येत नाहीत, लांडगे येतात. केरबा त्या गावचा. त्याला पुठ्ठ्यांची माळ कापायची आहे, म्हणजे लांडगे शेवटचे एकदा मरतील. आणि फेरा कोण फिरवतं? मुक्काम करणारी नायिका. खेळणारा हे बटण सुरुवातीपासून दाबत आलेला असतो. केरबाची पहिली भेट मी त्यामुळे पूर्ण नव्याने लिहिली. तो हल्ला करत नाही. तो तिला घरं मोजायला लावतो. त्या दृश्यासाठी लांबतळ्याची घरं खरोखरच मुक्कामांच्या संख्येप्रमाणे पडतात. पाच टप्पे केलेत, त्याहून जास्त केले तर गावातल्या सगळ्या संवादांच्या आवृत्त्या लिहिणं मला एकटीला झेपणार नाही.

जलद प्रवासावर फार बोलत नाही. तो धोट्याने होतो, धोटा आडवाच जातो, म्हणून नकाशावर फक्त पूर्व-पश्चिम मागांमध्ये उडी मारता येते. दक्षिणेहून उत्तरेला चालतच जायचं.

आणि कशाकशाला कारण दिलं नाही तेही सांगते. आरोग्याची पट्टी, थांबवण्याचा मेनू, नुकसानीचे उडणारे आकडे हे जगातल्या कुणालाच दिसत नाहीत, म्हणून वहीत त्यांची नोंद नाही. एका मित्राचा आग्रह होता की पट्टीलाही ‘सुताचा ताण’ म्हणावं. मी नाही म्हटलं. जे पात्रांना दिसत नाही त्याला पुराणकथा दिली, की पात्रांना दिसणाऱ्या गोष्टींची कारणं त्या गर्दीत हरवतात.

शेवट अजून सुटलेला नाही. नायिकेने माळ कापली तर नियमाप्रमाणे `card` गटातलं काहीच परत यायला नको, लांडगेही नाहीत आणि मुळ्याही नाहीत. शेवटानंतर फिरता येणारं जग मला ठेवायचंय, आणि त्यात औषध संपत जाणार. सध्या सांधेकरणीला हाताने मुळ्या लावायला शिकवतेय: बियाणं नायिकेने गोळा केलेलं, वाफा सांधेकरणीचा, त्यामुळे ते रोप `hand` गटात जातं आणि पाणी घातलं नाही तर वाळतं. पाणी घालायचं काम अजून कोडमध्ये नाही. पुढच्या नोंदीत त्याचा व्हिडिओ टाकेन. तोवर कुणाला पहिले दोन टप्पे खेळून बघायचे असतील तर कळवा. वाटमारे मारल्यानंतरच्या त्या रस्त्यावर किती सूत हाती येतं, तेवढं लिहून ठेवा.