माझी १५ पोरं कुठून आली? सर्व्हे आणि तीन घटनांचा संयोग

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी १०० जणांकडून फॉर्म भरून घेतले होते, गाणं, नाटक आणि बुद्धिबळ यातलं काय काय करता त्यावर टिक करा एवढंच. मला काढायचं होतं की यातला कुणीही एक विद्यार्थी रँडम उचलला तर तो तिन्हीपैकी निदान एक तरी करत असण्याची प्रोबॅबिलिटी किती.

गाणं ४५, नाटक ३८, बुद्धिबळ ३०. पहिल्यांदा सरळ बेरीज मारली, ११३! म्हणजे प्रोबॅबिलिटी 1.13, ती १ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे ही चूक तरी लगेच दिसली. दोन गोष्टी करणारे दोनदा मोजले जात होते ना. मग पुस्तकातला फॉर्म्युला काढला, A म्हणजे गाणं, B नाटक, C बुद्धिबळ, ∪ म्हणजे निदान एक तरी आणि ∩ म्हणजे एकत्र दोन्ही किंवा तिन्ही:

```
P(A∪B∪C) = P(A) + P(B) + P(C)
         − P(A∩B) − P(B∩C) − P(A∩C)
         + P(A∩B∩C)
```

शेवटचं अधिक का, ते आधी डोक्यात शिरत नव्हतं. पण तिन्ही करणारा एकच पोरगा घेऊन बघा, पहिल्या ओळीत तो तीनदा मोजला, दुसऱ्या ओळीत तीनदा वजा झाला, म्हणजे हिशोबातून गायबच! म्हणून त्याला एकदा परत घ्यायचं.

आता आकडे. मैत्रिणीने टेबल बनवून दिलं होतं, गाणं-नाटक १०, नाटक-बुद्धिबळ ७, गाणं-बुद्धिबळ ५, तिन्ही ५. मी टाकले, ११३ − २२ + ५ = ९६, प्रोबॅबिलिटी 0.96. खरा घोळ इथेच, कारण 0.96 बघून कुणालाच शंका येत नाही. मला पण आली नसती, पण सहज कोरे फॉर्म मोजले, कशावरच टिक नसलेले, तर ते निघाले १९, आणि माझ्या हिशोबाने असायला हवे होते फक्त ४. म्हणजे १५ पोरं माझ्याकडे जास्तीची!

मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, "अगं, १० म्हणजे फक्त गाणं आणि नाटक करणारे, तिन्हीवाले मी वेगळे काढलेत." झालं. फॉर्म्युल्यातल्या A∩B मध्ये तिन्ही करणारे पण धरलेले असतात, कारण तेही गाणं आणि नाटक दोन्ही करतातच की. म्हणजे प्रत्येक जोडीत ५ कमी वजा केले होते, तीन जोड्या, १५. बरोबर जोड्या १५, १२, १०, मग ११३ − ३७ + ५ = ८१, म्हणजे 0.81, आणि उरले १९, कोऱ्या फॉर्मएवढेच.

तरी एकदा वेन आकृतीत मधल्या ५ पासून बाहेर भरत गेले, फक्त गाणं ४५ − १० − ५ − ५ = २५, तसंच फक्त नाटक १६, फक्त बुद्धिबळ १३. सातही खाने मिळून ८१ आले.

प्रश्नात "फक्त दोन" लिहिलंय की नुसतं "दोन्ही", हे मी आता आकडा टाकायच्या आधी बघते. टेबल मात्र आम्ही बदललं नाही, वर फक्त मोठ्या अक्षरात "फक्त" लिहिलं.