पगारातून पतसंस्था कापते, मग बँक पुन्हा कापते : पर्सनल लोनच्या फॉर्मचा माझा अनुभव

कर्ज मंजूर झालं, पैसे खात्यात आले, तरी तो फॉर्म आठवला की अजून डोकं तापतं. म्हणून लिहून टाकते. मी सांगली जिल्ह्यात एका खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये सहशिक्षिका आहे. पगार शालार्थमधून येतो, पगारातून शिक्षकांच्या पतसंस्थेची कपात होते आणि घराच्या दुरुस्तीसाठी मला सात लाख हवे होते. पतसंस्थेची माझी मर्यादा संपलेली होती, म्हणून पगाराच्या बँकेत गेले. आमच्यासारखी पगारपत्रकं असलेल्या सगळ्यांना हे उपयोगी पडेल.

फोटो, आधार, पॅन, सह्या यात काही अडलं नाही. अडलं ते तीन चौकटींत: मासिक उत्पन्न, नोकरीचा तपशील आणि चालू कर्जं. त्यातली तिसरी पहिलीला जाऊन चिकटली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आधी उत्पन्न. आमच्या स्लिपवर सर्वांत वर जो एकूण आकडा दिसतो तो फसवा आहे. 2005 नंतर लागलेल्या आम्हा एनपीएसवाल्यांच्या स्लिपवर शासनाचा 14 टक्के हिस्सा आधी पगारात जमा दाखवतात आणि खाली तेवढाच कापतात. हे पैसे थेट पेन्शन खात्यात जातात, आपल्या हातात कधीच येत नाहीत. माझ्या स्लिपवर एकूण साधारण 92,000 आहेत, त्यातले 10,500 असे नावापुरते. म्हणजे खरा एकूण पगार 81,500. फॉर्मवर ग्रॉसच्या रकान्यात मी हाच लिहिला. वरचा 92,000 चा आकडा लिहिला तर स्लिपशी ताडताना पहिला प्रश्न तुमच्यावरच येणार.

मग कपाती. माझा स्वतःचा एनपीएस हिस्सा 7,500, व्यवसाय कर आणि गटविमा मिळून 500. हे कायद्याने जाणारच. राहिले 73,500. त्यातून एलआयसीचे 2,100 आणि पतसंस्थेचे 16,400 गेले की खात्यात 55,000 पडतात. हे तीन आकडे (81,500, 73,500 आणि 55,000) लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यांच्यावर आहे.

एक राहिलंच. 'इतर उत्पन्न' या रकान्यात काही जण बोर्डाचे पेपर तपासण्याचं मानधन लिहितात. लिहू नका. दरमहा येत नाही, बँक ते धरत नाही, उलट कागद मागते. आणि शिकवणी तर मुळीच लिहू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकांना खाजगी शिकवणीला मनाई आहे आणि आपण ती आपल्या हाताने सही करून कबूल करतोय, एवढं तरी भान असावं.

आठवड्याभराने बँकेतून फोन आला. "मॅडम, तुम्हाला पाच लाखांपर्यंत बसतंय." मी विचारलं, "कसं काय? माझ्याच शाळेतल्या, माझ्याच पगाराच्या सरांना मागच्या वर्षी तुम्ही आठ दिलेत." तर उत्तर, "सिस्टीम तेवढंच दाखवतेय." सिस्टीम म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं असतं, असा यांचा समज आहे. मी शाखेत गेले आणि हिशोब दाखवा म्हणाले. आधी दाखवता येत नाही, मग साहेब नाहीत, मग तो हेड ऑफिसला असतो, असं चालू राहिलं. शेवटी मी पाचच्या आकड्यावरून उलटा हिशोब केला.

11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी एका लाखाला महिन्याचा हप्ता साधारण 2,174 रुपये पडतो. पाच लाखांना 10,870. म्हणजे बँकेच्या मते मी महिन्याला अकरा हजारांच्या आसपासच नवा हप्ता झेपवू शकते. आता ही बँक निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून चालवून घेते, हे मला आधीच सांगितलेलं होतं. (प्रत्येक बँकेचं हे प्रमाण वेगळं असतं, आपल्या बँकेचं विचारून घ्या.) 55,000 चे निम्मे 27,500. त्यातून 16,400 वजा केले की राहतात 11,100. जमला हिशोब!

म्हणजे त्यांनी काय केलं होतं? निव्वळ उत्पन्न म्हणून खात्यात पडणारे 55,000 घेतले. हे पतसंस्थेची कपात झाल्यानंतरचे पैसे. आणि चालू कर्जांच्या रकान्यात मी पतसंस्थेचं कर्ज प्रामाणिकपणे लिहिलेलं, म्हणून स्लिपवरची 16,400 ची ओळ पुन्हा वजा केली. एकच कपात दोनदा. मला कोणतीही एक पद्धत चालली असती. पतसंस्था गेल्यानंतरचा पगार धरा आणि कर्ज पुन्हा मोजू नका, नाहीतर आधीचा पगार धरा आणि कर्ज मोजा. दोन्ही एकत्र कसं चालेल?

हे समोरच्या मुलाला समजावताना माझा आठवीचा वर्ग आठवत होता. तो म्हणाला, "पण मॅडम, बाकीच्यांचे हप्ते तर पगार जमा झाल्यावर खात्यातून जातात." बरोबर आहे, म्हणूनच त्यांची सिस्टीम तशी बनलीय. कंपनीत काम करणाऱ्याचा पूर्ण पगार आधी खात्यात येतो आणि हप्ता मागाहून कापला जातो. पतसंस्थेचं तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 प्रमाणे सभासदाने करारनामा करून दिला की पगार काढणाऱ्याने संस्थेची रक्कम पगारातूनच कापून द्यायची असते. म्हणून आमचा पगार खात्यात पडतो तेव्हा तो हप्ता आधीच गेलेला असतो. तो बिचारा नवीन होता, पुण्याहून बदलून आलेला, पगारपत्रकावर 'सोसायटी' वाचून त्याला हौसिंग सोसायटी वाटली होती.

दुसरी गोम त्या 16,400 मध्येच होती. स्लिपवर पतसंस्थेची एकच ओळ असते, पण तो सगळा हप्ता नसतो. माझ्या बाबतीत त्यात 3,000 मासिक ठेव, 400 सभासद कल्याण निधी, 10,000 मुद्दल आणि 3,000 व्याज होतं. ठेव माझीच आहे, ती कर्जात कशी धरणार? हप्ता खरा 13,000. आणि तोही दर महिन्याला थोडा कमी होतो, कारण मुद्दल ठरलेलं आणि व्याज उरलेल्या 3,60,000 वर दहा टक्क्यांनी.

तोंडी सांगून काही होत नाही. मी पतसंस्थेत गेले आणि सचिवांकडून लेटरहेडवर दाखला घेतला: कर्ज क्रमांक, मूळ रक्कम, आजची येणेबाकी, शिल्लक हप्ते 36, आणि मासिक कपातीची फोड. सचिव म्हणाले, "बाई, येणेबाकीचा दाखला रोजच देतो, पण फोड करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच." शिक्का आणि तारीख बघून घ्या. जुन्या तारखेचा दाखला बँक परत करते.

सोबत मी एका कागदावर हिशोब लिहिला: 73,500 चे निम्मे 36,750, वजा 13,000, राहिले 23,750. सात लाखांचा हप्ता 15,218. बसतं. शाखाधिकाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला, दाखला जोडला आणि फाइल परत वर पाठवली. मंजुरी आली तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे मी नेहमीपेक्षा जास्त आनंदाने वाटले, हे खरं.

स्टाफरूमवरून आठवलं. तिथला ठरलेला सल्ला असतो, "पतसंस्थेचं लिहूच नका, ते सिबिलला दिसत नाही." बहुतेक पतसंस्था क्रेडिट ब्युरोला माहिती पाठवत नाहीत, तेवढं खरं. पण स्लिपवर कपातीची ओळ ठळक असते आणि स्लिप तुम्हीच जोडता. फॉर्मवर शून्य आणि स्लिपवर सोळा हजार हे एकाच फाइलमध्ये गेलं की हिशोबाचं भांडण राहत नाही, तुम्ही माहिती लपवली असा प्रश्न होतो. माझ्या फॉर्मवर कर्ज लिहिलेलं होतं म्हणूनच मला आवाज चढवता आला.

उलट जे सिबिलला दिसतं ते आपण विसरतो. आमचा फ्रिज हप्त्यावर घेतला होता, कधीच फिटला, तरी अहवालात चालू दिसत होता. अर्ज करण्याआधी स्वतःचा अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. फ्रिजवाल्या फायनान्सकडून एनओसी आणून दिली की बँकेचं भागतं, पण ब्युरोकडे तक्रारही टाका, नाहीतर पुढच्या कर्जाला तोच फ्रिज पुन्हा येईल. भावाच्या गाडीला जामीन राहिला असाल तर तेही अहवालात दिसतं, आणि चालू कर्जांचा रकाना भरताना ते नेमकं सुचत नाही.

नोकरीच्या तपशिलाचं थोडक्यात. ऑनलाइन फॉर्ममध्ये ऑफिसचा ईमेल आणि त्यावर ओटीपी मागतात. आमच्या शाळेचा ईमेल क्लार्क उघडतो, तोही शालार्थचं बिल असेल तेव्हा. म्हणून अनुदानित शाळेच्या माणसाने शाखेत जाऊन कागदी फॉर्म भरावा. नियोक्त्याच्या यादीत शिक्षण संस्थेचं नाव सापडत नाही, आणि 'सरकारी' निवडलं तर ओळखपत्र सरकारी नाही म्हणून अडतं. मी फॉर्म 16 वर जसं शाळेचं नाव आहे अक्षरशः तसंच लिहिलं, संस्थेचं नाव पत्त्यात टाकलं आणि प्रकारात अनुदानित संस्था असं हाताने लिहिलं. रुजू तारीख मात्र शिक्षणसेवक म्हणून लागलेली पहिली लिहायची की नियमित झाल्याची, हे नियुक्ती आदेश आणि मान्यतेचं पत्र समोर ठेवून ठरवा. दोन्ही जोडले तर पहिली चालते, माझी चालली.

पडताळणीचा फोन शाळेत येतो. क्लार्कना आधी सांगून ठेवा. आमच्या शिपायाने उचलला आणि "बाई सुट्टीवर हायत" म्हणून ठेवून दिला, त्या दिवशी मी प्रशिक्षणाला होते. त्यावरून फाइलवर 'कर्मचारी उपलब्ध नाही' असा शेरा पडला आणि मुख्याध्यापकांचं पत्र द्यावं लागलं. आता दुसऱ्या बाईंचा अर्ज आहे, तर नंबर मुख्याध्यापकांच्या केबिनचाच दिलाय.