एक, सात, नमस्ते

परवा दुपारी लाईट गेली. पंखा थांबला की आमच्या घरात मागच्या शाळेचे आवाज शिरतात, एरवी तो त्यांना अडवून धरतो. शहाबादी फरशीवर पाठ टेकून गार वाटून घेत पडलो होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून वर्गभर पोरांचा एक लांबलचक सूर आला, ‘गुऽऽड मॉऽऽर्निंग टीऽऽचर!’

घड्याळात अडीच वाजले होते.

कुणीतरी हसेल, निदान टीचर तरी म्हणेल की बाळांनो, दुपार झाली आता, म्हणून मी कान लावून थांबलो. काही नाही. ‘सिट डाऊन’ झालं, बाकं करकरली आणि फळ्यावर खडू वाजायला लागला. म्हणजे म्हणणाऱ्यांनी काय म्हटलं ते त्यांना कळलं नव्हतं, आणि ऐकणारीनं ऐकलं नव्हतं. तरी काम झालं होतं. वर्ग उभा राहिला, वर्ग बसला.

आमचं नमस्ते मराठी होतं. म्हणजे तसं हिंदी होतं, पण आम्हाला कुठं ठाऊक. बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. गुरुजींची सायकल फाटकातून आत येताना दिसली की दाराशी बसलेला ओरडायचा, ‘गुर्जी यायलेत!’ मग सतरंजीच्या पट्ट्यांवर सगळी गडबड. गुरुजी उंबऱ्यात आले की मॉनिटर सगळा जीव गोळा करून म्हणायचा, ‘एक साथ’, आणि आम्ही, ‘नमस्तेऽऽऽ!’ तिसरीपर्यंत मी ते ‘एक, सात, नमस्ते’ असं समजत होतो. पाढे चालू होते, आकड्यांचे दिवस होते. मला वाटायचं, मॉनिटर मोजतोय, फक्त घाईत दोन ते सहा गाळतोय. एकदा मॉनिटरपण माझ्याकडं आली तेव्हा मी प्रामाणिकपणे सगळं मोजलं, एक, दोन, तीन, चार... गुरुजी उंबऱ्यातच उभे. पाचवर पोरांना राहवलं नाही, ती फुटली. माझी मॉनिटरपण दुसऱ्या दिवशी काढून घेतली.

आता वाटतं, मी अगदीच चुकलो नव्हतो. ते ‘एक साथ’ म्हणजे मोजणंच आहे. गाडा चिखलातून काढताना एक जण ‘जोर लगाके’ म्हणतो आणि बाकीचे ‘हैया’ला खांदा लावतात, तसं. एकट्या माणसाचं नमस्ते अर्ध्या सेकंदात संपतं. चाळीस जणांनी ते बरोबर म्हणायचं तर प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आवाजाला टेकायला बघतो. त्यानं सुरुवात दबकत होते, ‘न’ कुणाचाच नीट ऐकू येत नाही. मधला ‘म’ जुळतो. आणि शेवटचा ‘ते’ आधी कुणी सोडायचा हा प्रश्न पडतो, म्हणून तो ताणला जातो. सगळ्यांचा श्वास संपेपर्यंत तो चालतो आणि उतरत उतरत बसतो. पोरं सूर लावतात ती लाडानं नव्हे, एकत्र राहण्यासाठी. सूर लावला नाही तर ते नमस्ते गारपिटीसारखं पत्र्यावर पडेल, इकडं एक, तिकडं एक.

त्यात मान किती असतो? पंधराच मिनिटांपूर्वी परिपाठात, हात पुढं करून, प्रतिज्ञेत गुरुजनांचा मान ठेवीन असं आम्ही म्हणून झालेलो असायचो. तेही एका सुरात.

आणि खरं सांगायचं तर समोरूनही उत्तर येत नसे. बाहेर कुणी नमस्कार केला तर आपण नमस्कार करतो. वर्गात नमस्तेचं उत्तर ‘बसा’. एकदा गुरुजी एक अंतर्देशीय पत्र हातात घेऊन आत आले. आम्ही म्हणायचं ते म्हटलं. गुरुजी खुर्चीत बसले आणि पत्र वाचायला लागले. बसा म्हणालेच नाहीत. आम्ही उभे. पत्र एका बाजूनं वाचून झालं, मग घडी उलगडून आतल्या बाजूनं, मग पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या रांगेतल्या एकाचे पाय लटपटायला लागले, मागं दोघांनी भिंतीला पाठ लावली. बराच वेळानं गुरुजींनी मान वर केली आणि खरंच नवल वाटून विचारलं, ‘काहून उभं रहायलेत रे?’ पत्रात काय होतं ते कधी कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी पाढे घेतले नाहीत, एवढं आठवतं.

आजोबा निजामाच्या राज्यातल्या शाळेत शिकले. त्यांना रोज सकाळी राज्याला आणि निजामाला दीर्घायुष्य मागणारं उर्दू गीत म्हणावं लागायचं. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं, गीत संपलं, पण म्हातारपणी शेळ्या सोडताना आजोबा ती चाल गुणगुणत. शब्दांचा अर्थ विचारला तर हसत. ‘अर्थ कुणी सांगितलाय? सगळे म्हणायचे, म्हणून म्हणायचो.’ आणि याच मुलखात 1938 साली औरंगाबादच्या कॉलेजातली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली मुलं ‘वंदे मातरम्’ एकत्र म्हणायचंच यावर अडून बसली, आणि शिक्षणातून काढली गेली. म्हणजे एका सुरात म्हटलेलं सगळंच पोकळ असतं, असंही म्हणता येत नाही. चूक सुराची नाही. काढून टाकलं जाईल हे ठाऊक असून म्हटलेलं आणि न म्हटलं तर छडी बसेल म्हणून म्हटलेलं, कानाला सारखंच लागत असणार.

हे सगळं फरशीवर पडल्या पडल्या. मग ताईला फोन लावला. ताई दोनशिक्षकी शाळेवर आहे, आमच्या त्याच पट्ट्यात. पहिली-दुसरीची चोवीस पोरं तिच्याकडं.

‘तुला दुपारचं काही काम नाही का रे?’ ती म्हणाली. पण गेल्या वर्षी तिनं स्वतःच हे करून बघितलं होतं. पावसाळ्यात कधीतरी तिनं एक साथ बंद केलं. ती दाराशी उभी राहायची, पोरांनी एकेकानं आत यायचं आणि आपलं आपण नमस्ते म्हणायचं. तीही प्रत्येकाला नावानं उलट नमस्ते म्हणायची. एका पोराला दहा सेकंद धरली तर चोवीस जणांना चार मिनिटं. (‘तुमच्या शहरात साठ पोरं असतात एका वर्गात. तिथं दहा मिनिटं जातील, तास कधी घ्यायचा?’) पहिले दोन दिवस पोरं नुसती लाजली. तिसऱ्या दिवशी एकानं म्हटलं, ‘नमस्ते बाई, आमच्या म्हशीला रेडी झाली.’ मग रोज काहीतरी यायला लागलं. कुणाच्या आजीचा दात पडला, कुणाच्या घरात साप निघाला. चार मिनिटांची सात झाली.

आणि एक मुलगी दाराशी आली की नुसते ओठ हलवायची. आवाज नाही. ताईनं खाली वाकून कान जवळ नेला, तरी नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, ही पोरगी वर्षभर नमस्तेच्या वेळी पहिल्या रांगेत उभी राहून असेच ओठ हलवत होती. वर्गाच्या आवाजात तिचं गप्प राहणं मिसळून जायचं.

पुढं एक साहेब भेटीला आले. ते आत शिरल्यावर पोरं उभी राहिली आणि एकमेकांकडं बघत बसली, कुणी म्हणायचं तेच कळेना. साहेबांनी विचारलं, ‘पोरांना शिष्टाचार शिकवले नाहीत का?’ दुसऱ्या दिवसापासून एक साथ परत आलं. ताईनं दाराचं नमस्तेही ठेवलं. आत येताना एकेकाचं, बाई खुर्चीकडं गेल्यावर सगळ्यांचं. पोरांनाही ते सगळ्यांचं हवंच होतं, ती म्हणाली. ओरडायला मिळतं ना.

मग दिवाळी आली. मुकादमाची उचल घेतलेली घरं टोळीबरोबर ऊसतोडीला निघाली, कोयते, भांडी, शेरडं, पोरं, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा चोवीसातली तेरा उरली होती.

‘आणि तुला सांगते, नमस्ते तेवढंच मोठं झालं. खुर्चीत डोळे मिटून ऐकलं असतं तर कळलं नसतं.’

ते तसंच असतं. ओरडणारे निम्मे झाले तर आवाज सुमारे 3 डेसिबलनं उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला 10 डेसिबलच्या आसपास उतरावा लागतो. त्यात उरलेली पोरं जरा जास्त ओरडली की संपलं. एक साथ म्हटलेल्या नमस्तेला मोजता येत नाही. दाराशी मात्र त्या दिवशी सात मिनिटं लागायची ती चारच लागली. उरलेली तीन मिनिटं ताई तिथंच उभी राहिली.

ती ओठ हलवणारी मुलगीही गेली होती. जायच्या आधी तिची आई तिला घेऊन शिक्षण हमी कार्ड न्यायला आली होती. कारखान्याजवळच्या शाळेत हे कार्ड दाखवायचं, म्हणजे तिथं पोराला बसवून घेतात. ताईनं कार्ड भरून दिलं, कुणाला भेटायचं ते सांगितलं. आई पायरी उतरली. पोरगी दारातच थांबली, आणि वर्षात पहिल्यांदा तिचा आवाज ताईनं ऐकला. बारीक, पण स्वच्छ.

‘बाई, तिकडं नमस्ते एकेकट्यानं म्हणायचं का सगळ्यांनी?’

‘सगळ्यांनी,’ ताई म्हणाली. ‘सगळीकडं सगळ्यांनीच म्हणतात.’

मग पोरगी उड्या मारत पायऱ्या उतरली.