दर दोन मिनिटांनी तीन पास्कल

व्हीएव्ही, म्हणजे गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या एसी यंत्रणेच्या एअर हँडलरचं कमिशनिंग करताना स्टॅटिक प्रेशर रीसेटवर, म्हणजे डक्टचं प्रेशर मागणीनुसार आपोआप बदलण्यावर, मी दोन दिवस घालवले. सिस्टिमवर खोल्यांकडे जाणारी हवा आतल्या डॅम्परच्या झडपेने सोडणारे 34 व्हीएव्ही बॉक्स होते आणि सिक्वेन्स अ‍ॅश्रे गाइडलाइन 36 मधल्या ट्रिम अँड रिस्पाँड पद्धतीने लिहिलेला होता. पंखा चालू झाला की डक्टच्या प्रेशरचा सेटपॉइंट 120 पास्कल. दहा मिनिटं तो तसाच राहतो, मग दर दोन मिनिटांनी 12 पास्कलने उतरतो. बॉक्सना हवा कमी पडली तर ते रिक्वेस्ट पाठवतात. पहिल्या दोन सोडून द्यायच्या, त्यापुढच्या प्रत्येकीमागे 15 पास्कल वाढवायचे, पण एका वेळी 32 पेक्षा जास्त नाही. आमची वरची मर्यादा 375 होती.

```
SP = SP + SPtrim + SPres × (R − I)
```

R म्हणजे एकूण रिक्वेस्ट, I म्हणजे सोडून द्यायच्या दोन, SPtrim उणे 12 आणि SPres 15. शेवटची बेरीज R हा I पेक्षा मोठा असेल तेव्हाच. सेटपॉइंट ठरला की तो धरून ठेवणं पंख्याचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या पीआयडी लूपचं काम. ते लूप आम्ही आधीच ट्यून केलं होतं, त्यात काही खोट नव्हती.

पहिल्या दिवशी पंखा आठ वाजता लावला आणि अकराला पाहिलं तर सेटपॉइंट 375 वर जाऊन बसलेला, ड्राइव्ह 47 हर्ट्झवर. इमारत निम्मी रिकामी होती, इतक्या हवेची कुणालाच गरज नव्हती. मी ट्रेंड उघडला. रेघ आठ दहापासून अगदी सरळ चढत होती, दर दोन मिनिटांनी बरोबर 3 पास्कल.

हा आकडा मी कितीतरी वेळ पाहत बसलो, कारण उत्तर त्यातच होतं. ट्रिमचे 12 वजा आणि रिस्पाँडचे 15 अधिक, म्हणजे 3. याचा अर्थ R वजा I सतत 1, म्हणजे एकूण रिक्वेस्ट कायम तीनच. खरोखर लोड वाढला असता तर आकडा हलत राहिला असता.

आता तीन रिक्वेस्ट दोन तऱ्हांनी येऊ शकतात. बॉक्सचा डॅम्पर 95 टक्क्यांपुढे उघडला की एक, आणि ती डॅम्पर 85 च्या खाली येईपर्यंत टिकते. डॅम्पर तसा उघडा असूनही हवा सेटपॉइंटच्या 70 टक्क्यांखाली राहिली तर दोन, 50 च्या खाली तर तीन. म्हणजे तीन बॉक्स थोडे उपाशी असतील, नाहीतर एकच फार उपाशी. बॉक्सनिहाय यादी काढली, तिन्ही एकाच्याच होत्या. डॅम्पर 100 टक्के, मागणी 300 लिटर प्रति सेकंद, मिळत होते 135. खोली गरम होती, त्यामुळे सेन्सर खोटं बोलत असेल ही शंका तिथेच मिटली. तरी हूड लावून खालच्या ग्रिलवरची हवा मोजली, बेरीज जवळपास तेवढीच आली.

"साहेब, इग्नोअर दोनाचे पाच करून टाकू का? लगेच खाली येईल," कंट्रोल्सचा मुलगा म्हणाला. आलाच असता. पण मग खरोखर हवा हवी असलेले पाच बॉक्सही गप्प बसले असते आणि ती खोली गरमच राहिली असती. मी नको म्हटलं.

त्याऐवजी कागदावर एक हिशेब केला. हवा प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. 375 पास्कलला 135 मिळतात, तर 300 मिळवायला प्रेशर साधारण पाचपट लागेल, म्हणजे 1850 च्या आसपास. इतकं प्रेशर पंखा देऊ शकत नव्हता आणि डक्टनेही ते सोसलं नसतं. तेव्हा दोष प्रेशरचा नाही, वाटेत काहीतरी अडलंय, हे नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी छताचं टाइल काढून वर चढलो. मुख्य डक्टमधून त्या बॉक्सकडे जाणाऱ्या फाट्यावर हाताने फिरवायचा व्हीसीडी, म्हणजे हवा कमी-जास्त करायचा डॅम्पर होता. त्याचा दांडा जवळजवळ बंद बाजूला, वर विंग नट घट्ट आवळलेली. मुळात व्हीएव्ही बॉक्सच्या आधी हा डॅम्पर लागतच नाही, कारण हवा बॉक्स स्वतःच मोजून सोडतो. दांडा पूर्ण उघडला आणि खाली उतरेपर्यंत त्या बॉक्सची हवा 300 वर पोहोचली होती. त्याचा डॅम्पर मिटत मिटत 40 टक्क्यांवर आला.

रिक्वेस्ट शून्य झाल्या. सेटपॉइंट 12-12 ने उतरत पाऊण तासाच्या आतच 147 वर आला. तिथे वेगळेच तीन-चार बॉक्स आळीपाळीने 95 च्या वर जाऊ लागले आणि रेघ थोडी वर, थोडी खाली अशी करवतीच्या दातांसारखी झाली. रीसेट चालू आहे हे मी आता त्या दातांवरूनच ओळखतो. सपाट रेघ दिसली, वर असो की खाली, की मी आधी बॉक्सनिहाय रिक्वेस्ट-तासांची यादी काढतो. ड्राइव्ह त्या दुपारी 35 हर्ट्झवर होता.